सावलीखाली जमीन असते

इंदूरमधल्या एका जुन्या मराठी शाळेची शेवटची तुकडी बाहेर पडणार होती, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी मी तिथे समूहचित्र काढायला गेलो. इमारतीचं तोंड पूर्व-आग्नेयाला. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोवळं ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडलं होतं. मुलं, शिक्षिका, झेंड्याचा खांब, सगळं लख्ख. समोरच्या मुरमाच्या अंगणात चौथीच्या मुलींनी रांगोळी काढली होती. तिच्यात शाळेचं नाव होतं आणि स्थापनेचं साल होतं. आणि त्या रांगोळीच्या डाव्या अर्ध्या भागावर, चौकटीच्या तळापासून वर आलेली, मी उभा होतो. म्हणजे माझी सावली.

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला. ‘‘फोटो छान आहे, पण तुमची सावली फार लांब आलीय. काढून टाका.’’ मी म्हटलं, ‘‘काढत नाही, उजळून देतो. दोन दिवस द्या.’’ त्यांना घाई होती. छापखान्यातल्या मुलाने दहा मिनिटांत काम केलं. स्मरणिका हातात आली तेव्हा सावली नव्हती. तिच्याबरोबर अर्धी रांगोळीही नव्हती. शाळेच्या नावातली पहिली अक्षरं जाऊन तिथे स्वच्छ, कोरा मुरूम आला होता. प्रकाशनाच्या दिवशी एक मुलगी पुस्तक उघडून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, आमची अर्धी रांगोळी कुठे गेली?’’

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. राग आहे तो ‘सावली काढून टाका’ या वाक्यावर. स्मरणिकांचे संपादक, स्पर्धांचे परीक्षक, प्रदर्शनांचे संयोजक हे वाक्य इतक्या सहज उच्चारतात, की जणू सावली म्हणजे जमिनीवर पडलेला कागदाचा तुकडा. उचलला की खाली जमीन तशीच. सावली ही वस्तू नाही. उन्हाचा थेट झोत जिथे पोचला नाही, ती जागा म्हणजे सावली. आकाशाचा उजेड तिथेही पोचतो, आणि त्या उजेडात जे दिसतं ते कॅमेऱ्याने टिपलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये रांगोळीचा डावा अर्धा भाग पूर्ण होता. थोडा काळवंडलेला, थोडा निळसर, पण प्रत्येक ठिपका जागेवर. छापखान्यात सावली काढली गेलीच नाही. बाजूच्या मुरमाचा तुकडा उचलून सावलीवर, आणि म्हणून रांगोळीवर, चिकटवला गेला. क्लोन स्टॅम्प नावाचं हत्यार एवढंच करतं. आजच्या फोनमधलं खोडरबरही बोट फिरवलं की शेजारचं पाहून वर काहीतरी झाकतं. झाकण्याला आपण काढणं म्हणतो, आणि इथूनच फसवणूक सुरू होते.

उजळणं वेगळं. ते कसं करतात हे सांगतो, कारण ‘ते जमत नाही हो’ ही सबब मी फार ऐकली आहे.

पहिली गोष्ट, लांब सावली उजळायला दुपारच्या सावलीपेक्षा सोपी असते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण जमिनीवर तिरपे येतात, त्यामुळे सपाट जमिनीला ऊन पातळ मिळतं. आकाशाचा उजेड मात्र वरून येतच असतो. म्हणून सकाळच्या सावलीतली जमीन आणि शेजारची उन्हातली जमीन यांत फरक कमी असतो. माझ्या चित्रात तो सुमारे दीड स्टॉप होता, म्हणजे उन्हातल्या जमिनीला सावलीच्या साधारण पावणेतीन पट उजेड. स्वच्छ दुपारी हाच फरक तीन स्टॉपपर्यंत जातो, म्हणजे आठ पट. दीड स्टॉप वर आणणं रॉ फाइलला जड नाही. फोनने आधीच दाबून ठेवलेल्या जेपीईजीत मात्र तेवढं उचललं की सावलीत करडे डाग फुटतात.

दुसरी गोष्ट रंग. सावलीला उजेड देणारं आकाश निळं असतं आणि शेजारचं सकाळचं ऊन पिवळं. नुसता उजेड वाढवला तर जमिनीवर निळ्या रंगाचा माणूस आडवा पडलेला दिसतो. म्हणून फक्त त्या भागाचं रंगतापमान पिवळ्याकडे ढकलावं लागतं. किती, ते आकड्याने ठरत नाही. सावलीत आणि बाहेर एकच पदार्थ असलेली जागा शोधायची आणि दोन्हींकडचा रंग जुळेपर्यंत सरकवायचं. माझ्याकडे रांगोळीची पांढरी रेघ होती. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. याहून चांगली मोजपट्टी मिळणार नव्हती.

तिसरी गोष्ट कडा, आणि बहुतेक लोक इथेच हरतात. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीच्या कडेला उपछायेचा पट्टा असतो, आणि सावली टाकणारा अवयव जितका लांब तितका हा पट्टा रुंद. हिशोब सोपा ठेवायचा तर दर अकरा मीटरला दहा सेंटिमीटर. माझी उंची पाच फूट सहा इंच, सूर्य बारा अंशांवर, म्हणून सावलीची लांबी जवळजवळ आठ मीटर. चौकटीच्या तळाशी, जिथे माझ्या कमरेखालचा भाग होता, तिथे कड तीन सेंटिमीटर मऊ. डोक्यापाशी सात. आणि डोक्याच्या टोकाला, सावलीच्या लांबीच्या दिशेने मोजलं तर, किरण तिरपे असल्यामुळे तीच मऊ कड एक फुटाहून जास्त पसरलेली. संपूर्ण सावलीला एकच मऊपणा देऊन मास्क काढला, तर खाली कडेभोवती उजळ रेघ उमटते आणि वर काळी. मी ब्रशची कड चार टप्प्यांत वाढवत नेली. त्यातच बहुतेक वेळ गेला. दोन दिवस मी त्यासाठीच मागितले होते.

एवढं करूनही मी सावली पूर्ण पुसली नाही. दीडपैकी एक स्टॉप उचलला, अर्धा राहू दिला. शाळेचं नाव वाचता येतं, सालही वाचता येतं, आणि कुणी नीट पाहिलं तर कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेला माणूसही दिसतो. माझ्या मते हे पुरेसं आहे. रांगोळी वाचली जावी हा त्या मुलींचा हक्क. मी तिथे नव्हतोच असं भासवण्याचा हक्क मात्र मला नाही.

यावर संपादक म्हणतील, ‘‘अहो, कुणाला कळतंय?’’ कळतं. कसं, तेही सांगतो, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं.

उन्हातल्या कुठल्याही चित्रात एखाद्या वस्तूच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढा आणि पुढे वाढवा. तीच दुसऱ्या वस्तूची. तिसऱ्या वस्तूची. सूर्य पाठीमागे असेल तर या सगळ्या रेघा चित्रातल्या एकाच बिंदूत मिळतात. कॅमेऱ्यापासून पाहिलं तर तो बिंदू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो. म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची सावली जिथे पडते, नेमका तिथे. त्या स्मरणिकेतल्या चित्रावर मी पट्टी ठेवली. डावीकडे उभ्या शिक्षिकेचं डोकं आणि मागच्या भिंतीवर पडलेली त्या डोक्याची सावली, एक रेघ. उजवीकडे झेंड्याच्या खांबाचं टोक आणि भिंतीवर चढलेली त्याची सावली, दुसरी रेघ. दोन्ही रेघा खाली येत येत अंगणात, रांगोळीच्या थोड्या पलीकडे, कोऱ्या उन्हातल्या मुरमावर एकमेकींना छेदतात. त्या जागी कॅमेरा धरलेल्या माणसाच्या डोक्याची सावली असायलाच हवी. तिथे ऊन असूच शकत नाही. मोकळ्या अंगणात घेतलेल्या आणि तो बिंदू चौकटीच्या आत असलेल्या चित्रात सावली नसेल, तर ते चित्र कुणीही कधीच काढू शकलं नसतं. चित्रातल्या प्रत्येक माणसाची सावली त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत असते.

दुसरी खूण डोळ्यांनाच दिसते. स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवतीची जमीन जरा जास्त उजळ असते. दव पडलेल्या गवतावर तर तेजोवलयच दिसतं, पण कोरड्या मातीवरही ते असतं. त्या दिशेने पाहताना प्रत्येक खड्याची सावली त्या खड्याच्याच मागे लपते, आणि आपल्याला फक्त उन्हातली बाजू दिसते. चंद्रावर अपोलोच्या यात्रिकांनी काढलेल्या चित्रांतही स्वतःच्या सावलीभोवती ही उजळी दिसते. आता बाजूचा मुरूम आणून इथे चिकटवला की काय होतं? बाजूच्या मुरमात खड्यांच्या बारीक सावल्या आहेत, तोही थोडा काळसर आहे. तो तुकडा उजळ वलयाच्या मधोमध येऊन बसतो. सावली जाते, वलय राहतं, आणि मध्ये एक खरबरीत ठिगळ. उजळलेली सावली मात्र इथे आपोआप जुळते, कारण सावलीतल्या खड्यांनाही बारीक सावल्या नसतात. पोत जुळतो, फक्त उजेड किंचित जास्त द्यावा लागतो.

आता बातमीच्या जगाकडे पाहू, कारण तिथे हा वाद एकदा स्पष्टपणे निकालात निघाला आहे. २०११ च्या जुलैमध्ये असोसिएटेड प्रेसने अर्जेंटिनात काम करणाऱ्या एका मुक्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले. धुळीच्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळतानाचं चित्र होतं. समोर त्याची स्वतःची सावली आली होती, ती त्याने धूळ पसरून झाकली होती. त्या सावलीने बातमी बदलत नव्हती. कुणाची बदनामी नव्हती. तरी संस्थेने त्याला काढलं. तेव्हा अनेकांना ही शिक्षा फार कडक वाटली. मला वाटत नाही. वृत्तसंस्थेकडे विकायला एकच माल असतो: समोर जे होतं ते इथे आहे, ही हमी. धुळीचा जो तुकडा त्याने पसरला, तो त्या जागी त्या क्षणी नव्हता. एकदा धूळ बनवली, की पुढच्या चित्रातला धूर खरा कशावरून?

शाळेची स्मरणिका म्हणजे वृत्तसंस्था नव्हे, हे मला मान्य आहे. घरच्या अल्बममधल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या कुटुंबाच्या चित्रातून कुणी वडिलांची सावली पुसली, तर मी भांडायला जाणार नाही. तिथे वाळूखाली काही नसतं, आणि पुरावा म्हणून ते चित्र कुणी उघडणार नाही. पण स्मरणिका? शाळा बंद झाल्यावर ती एकच वस्तू उरते. तीस वर्षांनी कुणी विचारेल की अंगण कसं होतं, दारात काय होतं, तेव्हा कुणी माझी मूळ फाइल शोधायला येणार नाही. ते पान उघडेल. त्या पानावर आज शाळेच्या नावातली पहिली अक्षरं नाहीत. म्हणून माझी रेषा मी अशी आखतो: जे चित्र नोंद म्हणून छापलं जातं, त्यात सावलीवर काही चिकटवू नये. उजळायचं तर उजळावं, थोडी राहू द्यावी. नाहीतर सावली होती तशी छापावी.

याच्या उलट टोकाला असलेल्या मित्रांशीही माझं जमत नाही. त्यांच्या मते छायाचित्रकाराची सावली ही कलाच. तिला हात लावणं पाप. ते ली फ्रीडलँडरचं नाव घेतात. फ्रीडलँडरचं १९६६ चं न्यूयॉर्कमधलं चित्र मलाही आवडतं. समोर चालणाऱ्या बाईच्या पाठीवर त्याच्या डोक्याची सावली पडली आहे, आणि चित्र त्या सावलीचंच आहे. १९७० मध्ये त्याने स्वतःच्या अशा चित्रांचं पुस्तकच केलं. पण ती सावली त्याने पाहून, ठरवून चौकटीत घेतली. माझी सावली रांगोळीवर पडली ती मी पाहिली नाही म्हणून. माझ्या गाफीलपणाला कला म्हणण्याइतका मी निर्लज्ज नाही.

म्हणजे मूळ चूक माझीच. ती मान्य करतो आणि ती कशी टाळता आली असती तेही सांगतो, कारण इथेही एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. ‘‘खाली बसायचं होतंत की, सावली लहान झाली असती.’’ हे मला तीन जणांनी सांगितलं. जमिनीवर सावली लहान होते, हे खरं. चित्रात नाही. कॅमेऱ्याची सावली नेहमी क्षितिजाच्या तितकीच अंश खाली दिसते, जितका सूर्य पाठीमागे क्षितिजाच्या वर आहे. सूर्य बारा अंशांवर, तर सावलीचं टोक बारा अंश खाली. उभा राहा, बसा, गच्चीवर जा, ते टोक चौकटीत हलत नाही. उलट बसलात की तुमची सावली कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि चित्रात जास्त रुंद दिसते.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की चौकट किती खालपर्यंत पाहते. माझी २४ मिलिमीटरची लेन्स, आडवी धरलेली आणि क्षितिज मधोमध, २६ अंशांहून थोडं जास्त खाली पाहत होती. बारा अंश त्यात सहज आले. फोन उभा धरला तर तो आणखी खाली पाहतो. हीच चौकट मी दुप्पट अंतरावरून ५० मिलिमीटरने घेतली असती, तर खालचा पल्ला साडेतेरा अंशांवर आला असता. सावली तळाच्या कडेला जेमतेम चिकटली असती आणि कॅमेरा दोन अंश वर केला की गेली असती. रांगोळी दुप्पट दूर गेली असती, म्हणजे चौकटीत राहिली असती. पण मागे कुंपणाची भिंत होती. मग दुसरा उपाय वेळेचा. साडेनऊला त्या दिवशी सूर्य २७ अंशांवर होता. तेव्हा तीच लेन्स, तीच जागा, आणि सावली चौकटीबाहेर. पाहुण्यांना पुढे जायचं होतं म्हणून मी थांबा म्हणालो नाही. ती माझी भीड, आणि तिची किंमत त्या मुलींनी मोजली.

तिसरा उपाय तिवईचा. कॅमेरा तिवईवर, मुलांचं चित्र घ्यायचं. मग कॅमेरा न हलवता दहा सेकंदांचा टायमर लावून स्वतः बाजूला व्हायचं आणि दुसरं चित्र घ्यायचं. त्यात मुलं हलली तरी चालतं, तिथून फक्त अंगण हवं आहे. सूर्य दर मिनिटाला पाव अंश सरकतो, म्हणून दोन्ही चित्रं एका मिनिटाच्या आत. पहिल्यातली माणसं, दुसऱ्यातलं अंगण. तिवईची बारीक काठीसारखी सावली तेवढी राहते. असं चित्र मी छापायला देईन, आणि खाली ‘दोन चित्रांवरून’ असं लिहीन. त्यातला प्रत्येक खडा तिथेच होता आणि तेव्हाच होता.

या नियतकालिकाचे वाचक अनेक भाषांत राहतात, म्हणून एक शब्द त्यांच्यापुढे ठेवतो. बंगालीत या कलेला ‘आलोकचित्र’ म्हणतात, उजेडाचं चित्र. आपण मराठीत ‘छायाचित्र’ म्हणतो. छाया म्हणजे प्रतिमाही आणि सावलीही. ज्यांना त्यातली सावली नको आहे, त्यांनी निदान ती कशावर पडली आहे हे आधी पाहावं.

माझी उजळलेली फाइल मी संपादकांना पाठवली आहे. पुढची प्रत निघेल तेव्हा ती वापरू, असं ते म्हणाले. शाळा बंद झाली आहे, तेव्हा पुढची प्रत निघेल असं मला वाटत नाही. म्हणून त्या चौथीच्या मुलींपैकी जितक्यांचे पत्ते मिळाले, तितक्या प्रती मी माझ्या खर्चाने छापून पाठवल्या. रांगोळी पूर्ण आहे. तिच्या डाव्या बाजूला एक फिकट काका उभे आहेत.